अर्धं वाक्य आपल्याच पोटात

पोरी, सोमवारी रात्री तू कंपनीच्या बसमधून उतरलीस ती तोंड फुगवूनच. चाकणहून सांगवीपर्यंत ट्रॅफिकमध्ये बसलं की कुणाचंही तोंड फुगतं, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग आमटी वाढून घेता घेता तू सांगितलंस. तू मैत्रिणीला म्हणालीस, "तो रिपोर्ट जरा बघशील का?" ती म्हणाली, "हो." संध्याकाळी तू विचारलंस, तर म्हणाली, "बघितला. तिसऱ्या पानावर बेरीज चुकली आहे." तू म्हणालीस, "मग दुरुस्त नाही केलीस?" त्यावर ती अगदी शांतपणे, "तू बघायला सांगितलं होतंस."

मंगळवारी तू धडा घेतलास आणि सगळं फोडून सांगितलंस. आधी फाईल उघड, मग प्रत्येक पान बघ, चूक दिसली की दुरुस्त कर, समजलं ना? तर ती दुखावली. "मी पहिलीत नाहीये" म्हणाली आणि जेवायला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

तेव्हा मी गप्प बसलो, कारण तुझी आजी समोर होती आणि या विषयात तिच्याकडे माझ्याविरुद्ध भरपूर पुरावे आहेत. आज ती भिशीला गेली आहे. तेव्हा बस, आणि ऐक.

गुरुवारी सहाच्या ठोक्याला आपल्याकडे येणारे टूलरूमवाले काका तुला माहीत आहेत. तो जुन्या सांगवीत, आपण नव्या सांगवीत. भोसरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो, तो टूलरूमला, आणि ३१ वर्षं आमचा डबा एकत्र. शब्द जसा दिला तसाच तो घेतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेब त्याला म्हणाले, "इथंच थांब, दोन मिनिटांत आलोच." साहेब गेले ते मीटिंगमध्ये अडकले. हा जेवणाची शिट्टी होईपर्यंत तिथंच उभा. अख्खं शॉप हसलं. मीही हसलो. त्याच्याशी बोलायचं कसं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. तुला एवढी वर्षं लागू नयेत, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट. चूक शोधायचीच असेल तर आधी आपल्या वाक्यात शोधायची. आपण म्हणतो, सांगवी मुळा नदीवर आहे. नदीवर कुणाचं घर असतं का? काठावर आहे, पण 'काठ' हा शब्द आपण गिळतो आणि ऐकणाऱ्यानं तो स्वतःच्या पदरचा घालावा अशी अपेक्षा धरतो. आपल्या जुन्या काव्यशास्त्रानं याला नावं दिलेली आहेत. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. 'गंगेवर वस्ती' म्हटल्यावर काठ समजून घ्यायचा, ती लक्षणा. आणि 'सूर्य मावळला' एवढ्यावरून गुराख्यानं गुरं वळवायची आणि ब्राह्मणानं संध्येला बसायचं, ती व्यंजना. अकराव्या शतकातल्या मम्मटानं या तिन्हींची चर्चा केली आहे. तेव्हा शब्द बोलतो एक आणि सुचवतो दुसरं, हे हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनाही समजावून सांगावं लागत होतं. तुझी मैत्रीण अभिधेवर चालते, एवढंच. 'जरा बघशील का' यात 'दुरुस्त कर' कुठंही नव्हतं. ते तुझ्या पोटात होतं.

आता कारखान्यात ये. नव्या पोराला आपण म्हणालो, "बोल्ट घट्ट आवळ," तर एक जण इतका आवळतो की आटे जातात आणि दुसरा इतका कमी की गाडी हादरली की बोल्ट सैल. दोघांनीही सांगितलं तेच केलं. म्हणून तिथं 'घट्ट' कुणी लिहीत नाही. एम-८ मापाचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट असेल तर साधारण २५ न्यूटन-मीटर असा आकडा असतो आणि टॉर्क रेंच 'कट' वाजला की हात थांबवायचा. तो आकडा वाचून आजवर एकाही फिटरला अपमान वाटलेला मी पाहिला नाही. 'मला काय घट्ट आवळता येत नाही का?' असं कुणी विचारत नाही. का? कारण आकडा बोल्टबद्दल बोलतो, फिटरच्या अकलेबद्दल बोलत नाही.

तुझ्या अडचणीचं उत्तर यात आहे. स्पष्ट बोलण्यानं माणूस दुखावत नाही. स्पष्टपणा कामाबद्दल असेल तर तो सोय वाटतो, समोरच्याच्या समजुतीबद्दल असेल तर उपदेश वाटतो. मंगळवारचं तुझं बोलणं तपासून बघ. 'फाईल उघड', 'प्रत्येक पान बघ' या पायऱ्या तिला येतातच, तुझ्याइतक्याच येतात. त्या सांगून तू तिला कळवलंस की तुला हेही येत नसावं असं मला वाटतं. आणि वर 'समजलं ना?' जे खरोखर सुटलेलं होतं ते मात्र दोन्ही दिवशी सुटलेलंच राहिलं: काम कुठं संपतं, कधीपर्यंत हवं आणि कशासाठी. म्हणून दुसरी गोष्ट ही, की पायऱ्या सांगू नकोस, शेवट सांग. "रिपोर्टमधल्या बेरजा तपास आणि चुकलेल्या तूच दुरुस्त कर. चारपर्यंत मला परत दे, साडेचारला तो वर पाठवायचा आहे." मोजून बघ, मंगळवारच्यापेक्षा हे फारसं लांब नाही. नीट सांगायचं म्हणजे लांबण लावायचं, असं आपल्याला उगाच वाटतं.

आणि 'समजलं ना?' हे दोन शब्द कायमचे टाकून दे. त्याला उत्तर एकच येतं, 'हो', आणि त्यातून काही कळत नाही. इन्स्पेक्शनला आम्ही पहिला जॉब निघाला की तोच मोजायचो, माणसाला विचारत बसायचो नाही. तसं तू स्वतःकडे बोट दाखवून विचार, "माझ्याकडून काही सांगायचं राहिलं का?" हे वाक्य बोलणाऱ्याला तपासतं, ऐकणाऱ्याला नाही. टूलरूमवाल्यानं तर त्यावर मला कितीदा तरी सांगितलंय, "हो, माप सांगितलंस, नग किती ते राहिलं."

तिसरी गोष्ट मला महागात शिकावी लागली, ती तपशिलानं सांगतो. तू तेव्हा शाळेत होतीस. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन दिवसांनी तुझ्या आजीला बहिणीकडे बारामतीला जावं लागलं. मी घरात एकटा, एका डोळ्यावर पट्टी. दुपारी टूलरूमवाल्याला फोन लावला. म्हणालो, "एकटाच आहे रे घरी. चहासुद्धा धड करता येत नाही." माझ्या हिशेबानं हे निमंत्रण होतं. तो म्हणाला, "मग आज चहा नको करूस. दूध घे." आणि फोन ठेवला.

मी तीन आठवडे त्याच्याशी बोललो नाही. शेवटी जुन्या सांगवीच्या घाटावर त्यानंच मला गाठलं आणि सरळ विचारलं, "तू फोन का उचलत नाहीस?" मी मनातलं सगळं ओकलो. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पश्चात्तापही नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. "तू 'ये' म्हणालाच नाहीस. ऑपरेशन झालेल्या माणसाला पडून राहायचं असेल असं मला वाटलं. म्हणाला असतास तर सायकलवर दहा मिनिटांत आलो असतो."

आणि तो खरं बोलत होता. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी फोनवर म्हणालो, "उद्या सकाळी नऊला ये. डोळ्यात थेंब घालायचे आहेत आणि मला सोबत हवी आहे. अकरापर्यंत थांबशील का? जमत नसेल तर तसं सांग, शेजारी विचारतो." तो नऊला दोन मिनिटं कमी असताना दारात. थेंब घातले, चहा केला, पेपर वाचून दाखवला. अकरा वाजले तसा उठला. मी म्हणालो, "बस की अजून अर्धा तास," तर बसला.

त्या फोनमध्ये अवघड काय होतं सांगू? वेळ सांगणं नव्हे. 'मला सोबत हवी आहे' हे म्हणणं अवघड होतं. आपण आडून का बोलतो? सरळ मागितलं तर सरळ 'नाही' ऐकावं लागेल म्हणून. 'चहा करता येत नाही' म्हटलं की तो आला तर उत्तम, नाही आला तर आपण मागितलंच नव्हतं. आडून बोलण्यात आपली अब्रू झाकलेली राहते. अभिधेवर चालणाऱ्या मित्रापुढं ते पांघरूण काढावं लागतं. त्याच्याशी स्पष्ट बोलताना आपण खाली उतरून त्याला समजावत नसतो, आपणच थोडे उघडे पडत असतो. हे ध्यानात राहिलं की आवाजात मोठेपणा शिरतच नाही. शिवाय शेवटचं वाक्य बघ, 'जमत नसेल तर तसं सांग.' सरळ मागणाऱ्यानं सरळ नकाराची वाटही मोकळी ठेवावी आणि 'नाही' आलं तर ते 'नाही' म्हणूनच घ्यावं, रागाची खूण म्हणून घेऊ नये.

चौथी गोष्ट शब्दांची. सगळे शब्द बदलत बसू नकोस, घोळ घालणारे मोजकेच आहेत. त्यात पहिला 'परवा'. मराठीत होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा. "परवाचं काम" म्हटलं तर कुठलं? वार सांग, बुधवार म्हण. 'पुढच्या शनिवारी' असंच. निम्मी माणसं येता शनिवार धरतात, निम्मी त्यानंतरचा. तारीख सांग. 'चौकात भेटू' म्हणू नकोस. नव्या सांगवीत साई चौक आहे, कृष्णा चौक आहे, फेमस चौक आहे. आपलं औंधचं सरकारी हॉस्पिटल तर नदीच्या अलीकडे, सांगवी फाट्याला आहे. नाव ऐकून पाहुणा सरळ पूल ओलांडून औंधात जायचा. त्यात पाहुण्याचं काय चुकलं?

मग 'बघू'. आपल्याकडे 'बघू' म्हणजे दहातून आठ वेळा 'नाही'. तुझी मैत्रीण मात्र तू खरंच बघशील म्हणून थांबून राहील. 'या आठवड्यात नाही जमणार' म्हण. मोकळी होते बिचारी. 'कधीतरी या जेवायला' याचंही तेच. टूलरूमवाल्यानं एकदा खिशातून डायरी काढून तुझ्या आजीला विचारलं होतं, "कधी?" ती गडबडली, पण वार ठरला आणि तो जेवून गेला. नसतं विचारलं तर आजवर आला नसता.

आणि सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'आपण'. 'आपण हे टेबल आवरायला हवं' असं म्हणून आपण स्वतः हलत नाही. ती म्हणेल, "हो, हवं," आणि तू कधी सुरुवात करतेस याची वाट बघेल. शिवाय जिला हे कळतं तिला ते बाईंनी वर्गात बोलल्यासारखं वाटतं. 'आता आपण गोळी घेऊ या' असं पेशंटला म्हणतात ना, तसलं. तिनं करायचं असेल तर 'तू', दोघींनी करायचं असेल तर 'आपण दोघी'. म्हणजे स्पष्टही होतं आणि मानही राहतो.

आता एक सावधगिरी. हे ऐकून तू तिच्याशी म्हणी, गंमत, टोमणे सगळं बंद करून सपक बोलायला लागशील. तसं करू नकोस, तोही अपमानच आहे. नारळ वाढवला म्हणजे फोडला आणि दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं, हे टूलरूमवाल्याला तुझ्या-माझ्याइतकंच माहीत आहे. रुळलेली बोली अशा माणसांना अडत नाही. अडतं ते ताजं, चेहरा सरळ ठेवून केलेलं तिरकस बोलणं. जोरात पाऊस पडत असताना 'वा, काय छान ऊन पडलंय' म्हटलं तरी चालतं, कारण पाऊस समोर दिसतो. पण तिनं उशिरा काम दिलं आणि तू म्हणालीस, "फारच लवकर दिलंस," तर ती कदाचित 'थँक्यू' म्हणेल. गंमत फसली तर "गंमत केली गं, मला उशीर झाल्याचं वाईट वाटलं" एवढं त्याच दमात म्हण आणि पुढं जा. विनोदाचं स्पष्टीकरण देत बसू नकोस आणि चारचौघांत तिची दुभाषी तर मुळीच होऊ नकोस. 'अगं, तो असं म्हणतोय' हे एकदा म्हटलं की मदत असते, तिसऱ्यांदा म्हटलं की ती सगळ्यांसमोर लहान होते. तिला वाटलं तर ती विचारेल. तिला विचारता येतं.

कधी मनात येईल की ही मुद्दाम वेड पांघरते आहे का? तशीही माणसं असतात. ओळखायची खूण सांगतो. चेष्टा करणारा शब्द धरतो आणि लगेच तुझ्या तोंडाकडे बघतो, हसतेस का चिडतेस ते. जो खरोखर शब्द धरून चालतो तो तुझ्याकडे बघतच नाही, तो कामाला लागलेला असतो. साहेबांनी थांबवलं तेव्हा टूलरूमवाला कुणाकडेही बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

तू मला विचारलंस की तिला स्वमग्नता असेल का. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या पुष्कळ जणांना आडवळणाचं बोलणं लगेच लागत नाही, हे खरं. आपल्या देशात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा वेगळा उल्लेखही आहे. पण शब्दशः घेणारा प्रत्येक जण स्वमग्न नसतो, आणि ते ठरवणं मैत्रिणीचं काम नव्हे. तिनं आपणहून सांगितलं तर ऐक, नाहीतर तर्क लढवू नकोस. तिचं नाव कशात बसतं हे कळल्यानं तुझं वाक्य सुधारत नाही. डॅमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश अभ्यासक आहेत, स्वतः स्वमग्न. त्यांनी २०१२ मध्ये एक साधी पण उलटी गोष्ट मांडली: दोन वेगळ्या धाटणीची माणसं बोलतात तेव्हा गैरसमज दोन्हीकडून होतो, एकाच बाजूची उणीव म्हणून तो मोजू नये. त्यांचं नाव ऐकण्याआधीच मला हे घाटावर कळलं होतं. टूलरूमवाल्याला माझं आडून बोलणं कळलं नाही, हे मी तीन आठवडे धरून बसलो होतो. त्याचं सरळ वागणं मला कळलं नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

शेवटचं. हे सगळं तिच्या पाठीमागं करू नकोस. एकदा, दोघीच असताना, तिलाच विचार की कसं सांगितलेलं बरं पडतं. मी टूलरूमवाल्याला उशिरा विचारलं. तो म्हणाला, "आकडा सांग आणि नको असेल तर नको म्हण. बाकी तुला बोलायचं तसं बोल." त्याच्या बाजूनंही त्यानं एक सवय लावून घेतली. माझं बोलणं अर्धवट वाटलं की तो विचारतो, "हे सांगणं आहे की मागणं?" शंभरदा विचारलं असेल, आणि शंभरदा मला थांबून स्वतःलाच विचारावं लागलं आहे की खरंच, मला नेमकं हवंय काय.

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्याला ते माहीत आहे, पण पटत नाही. म्हणून तो उंबऱ्यात म्हणतो, "जातो. गुरुवारी सहाला येतो." तुझी आजी अजून दरवेळी कपाळाला हात लावते. पण गुरुवारी पावणेसहाला चहाचं आधण तीच ठेवते.

उद्या बसमध्ये तिच्या शेजारी बस आणि म्हण, "सोमवारी मला दुरुस्त करून हवं होतं आणि मी नुसतं 'बघ' म्हणाले. चूक माझी. मंगळवारी मी तुला पायऱ्या शिकवल्या, तीही चूक." एवढंच बोल. पुढं 'समजलं ना' जोडू नकोस.